पायाने न चालणारी शिलाई मशीन: विदर्भातल्या एका खेड्यातले प्रकरण

वर्धा जिल्ह्यातले एक खेडे. तालुक्याचे गाव १४ किलोमीटरवर, एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. घरात आई, भाऊ, भावजय आणि एक ३२ वर्षांची ताई. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे तिचा उजवा पाय अधू आहे. मांडीपर्यंत पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, म्हणजे कॅलिपर, आणि एक कुबडी वापरते, प्रमाणपत्रावर ६० टक्के अपंगत्व. दहा-पंधरा मिनिटांच्या वर उभे राहिले की कंबर आणि डावा गुडघा दुखायला लागतो, कारण सारा भार त्या एका पायावर येतो. एसटीची पायरी उंच, म्हणून तालुक्याला जाणे महिन्यातून एकदाच जमते, तेही कोणी सोबत असेल तर. शिक्षण बारावी. गावातल्या शिवणवर्गात साधा ब्लाऊज शिवायला शिकलेली आहे आणि घरात आईची पायाने चालणारी जुनी मशीन आहे.

प्रकरण नमुन्याचे आहे. अशा घरांत जी परिस्थिती वारंवार दिसते ती एका व्यक्तीभोवती मांडली आहे. पुढचे शिलाईचे आणि वस्तूंचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या गावातले दर घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

आधी जे नको ठरले

असा प्रश्न आला की घरातले आणि गावातले लोक ठरावीक धंदे सुचवतात. बहुतेक सूचनांमागे "बसून करता येईल" एवढाच विचार असतो. प्रत्येक धंद्याचा एक भाग बसून होतो आणि एक भाग उभ्याने, चालत किंवा ओझे उचलून होतो. निर्णय या दुसऱ्या भागाकडे पाहून करावा लागतो.

शेवया, सरगुंडे, कुरडया, पापड यांचे घ्या. लाटणे बसून होते, पण गहू भिजवणे, चीक घोटणे, चुलीपुढे उभे राहणे आणि गच्चीवर किंवा अंगणात वाळत घालून संध्याकाळी उचलणे ही सगळी वाकायची आणि चढ-उताराची कामे आहेत. हंगामही ऐन उन्हाचा. मिनी डाळ मिल विदर्भात चांगली चालते आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिल अनेक गावांत दिसते. पण तिथे तुरीची पोती हलवायची, डाळीला तेल-पाणी लावून पसरायची आणि वाळली की गोळा करायची असते. गडी लावल्याशिवाय तिला ते जमणार नाही आणि गड्याची मजुरी छोट्या मिलच्या नफ्यातून निघत नाही. शेळ्यांना चारा लागतो, तो कोणीतरी रोज आणायचा. किराणा दुकानात बसणे सोपे, पण भांडवल मोठे आणि गावातली उधारी कापूस विकेपर्यंत सुटत नाही. आपले सरकार सेवा केंद्र तिच्यासाठी खरोखर योग्य होते, मात्र ते जिल्हा प्रशासनाच्या मंजुरीवर अवलंबून असते आणि तिच्या गावात एक केंद्र आधीच चालू आहे.

राहिले शिवणकाम. मशीनवर बसणे सोडले तर त्यातही उभ्याचे काम पुष्कळ आहे. कटिंग उभ्याने किंवा जमिनीवर उकिडवे बसून होते, इस्त्री उभ्याने होते, माप घेताना गिऱ्हाइकाभोवती फिरावे लागते, आणि अस्तर, फॉल, दोरा आणायला तालुक्याला जावे लागते. शिवाय मशीनच पायाने चालणारी. तरीही निवड शिवणकामाची झाली, कारण ही पाचही कामे थोड्या खर्चात बदलता येतात. डाळ मिलमधले पोते हलके करायला असा स्वस्त उपाय सापडत नाही.

मशीन

पायाची मशीन एका पायाने चालवता येते, पण धंद्यासाठी ते करू नये. दोन्ही पायांनी पायटा पुढे-मागे ढकलला जातो तेव्हा लय सांभाळली जाते. एकाच पायाने तो ढकलताना टाच आणि चवडा आलटून-पालटून जोर देतात, कमरेला पीळ बसतो आणि चाक मध्येच उलटे फिरते. चाक उलटे फिरले की दोरा शटलमध्ये अडकून तुटतो. दिवसाला एक ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला हे चालून जाते. चार तास बसणाऱ्या ताईचा चांगला पाय मात्र जायबंदी होऊ शकतो. तोच तिचा चालायचा पाय आहे.

म्हणून पहिला खर्च मोटरचा. घरगुती मशीनला बसणारी छोटी मोटर, ब्रॅकेट, पट्टा आणि पायाखालचा कंट्रोलर मिळून दीड हजाराच्या आसपास येतात. ती मशीनच्या चाकामागच्या बोल्टवर बसते. बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट पट्ट्याचा ताण. पट्टा मध्यावर बोटाने दाबला तर साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर आत जायला हवा. जास्त ताणला तर मशीन जड फिरते, मोटर तापते आणि बुशिंग घासतात. सैल राहिला तर पातळ कापडावर सगळे ठीक वाटते, पण खांद्याच्या शिवणीवर, जिथे अस्तरासकट चार-सहा थर येतात, तिथे पट्टा घसरतो आणि सुई जागीच थांबते. नवी बाई अशा वेळी मोटर कमजोर आहे असे समजते. तो दोष बहुधा पट्ट्याचा असतो.

दुसरी गोष्ट दिशा. चाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याकडे आला पाहिजे. दोरा न ओवता चालवून हे आधी पाहावे.

तिसरी आणि या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कंट्रोलर कुठे ठेवायचा. दुकानदार तो उजव्या पायाखाली ठेवून देतो. ताईच्या उजव्या पायात जोर नाही, कॅलिपरमुळे घोटाही हलत नाही. कंट्रोलर डाव्या पायाखाली घेतला की प्रश्न सुटतो. तो दाबायला फार थोडा जोर लागतो, पायट्यासारखा नाही. मात्र गुळगुळीत फरशीवर तो पुढे सरकतो आणि पाय त्याला शोधत राहतो. एक फळी घेऊन तिला मागून पाचर लावून थोडा उतार द्यावा, वर दोन पट्ट्या ठोकून कंट्रोलर त्यात घट्ट बसवावा आणि फळीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा. गावचा सुतार अर्ध्या तासात करून देतो.

दोन्ही पायांत जोर नसेल तर कंट्रोलर टेबलाखालच्या उभ्या फळीवर आडवा बसवून गुडघ्याने बाजूला दाबता येतो. गुडघाही हलत नसेल तर तो टेबलावर डाव्या कोपराजवळ ठेवतात. दोन्ही हात कापड धरायला मोकळे राहिले पाहिजेत, म्हणून बोटांऐवजी कोपर वापरायचे. ज्या घरगुती इलेक्ट्रॉनिक मशीनना चालू-बंद करायचे बटण आणि वेग ठरवायची सरकपट्टी असते त्यांना पायाची गरजच नसते. पण त्या महाग असतात आणि त्यांची दुरुस्ती तालुक्याला होत नाही. बिघडली तर मशीन नागपूरला पाठवावी लागते, म्हणून खेड्यात जुनी लोखंडी मशीन आणि मोटर हीच जोडी बरी.

मोटर आली की बोर्डही हलवावा. आपल्याकडे विजेचा बोर्ड भिंतीवर माणूस उभा राहिल्यावर हात पोचेल अशा उंचीवर असतो. कंट्रोलरमधला कॅपॅसिटर किंवा आतले भाग खराब झाले तर पाय काढूनही मशीन धावत राहते. त्या वेळी कुबडी शोधून, उठून भिंतीपर्यंत जाण्यात वेळ जातो. टेबलाच्या उजव्या कडेला बसल्या जागी हात पोचेल असा स्विच असलेला एक्स्टेंशन बोर्ड स्क्रूने बसवून घ्यावा. सुई ओवताना आणि बदलताना तो बंद करायचा. सुई ओवताना चुकून पाय दाबला गेला तर ती बोटात शिरू शकते.

मोटरचा वेग हाताळायला आठवडाभर सराव लागतो. दोरा न लावता शाळेच्या रेघी वहीच्या पानावर रेघ धरून सुई चालवायची, मग त्याच पानावर बांगडीने काढलेल्या गोलावर. मुंढ्याचा गोल शिवताना सुरुवात आणि शेवट चाकावर हात ठेवून करायचा. जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरला अर्धा दाबून बराच वेळ हळू चालवले तर तो तापतो, कारण उरलेली वीज आतच उष्णतेत जाते. वास आला किंवा वरून हाताला चटका बसला तर दहा मिनिटे थांबावे. एप्रिल-मे महिन्यांत टिनाच्या छपराखाली हे रोज घडते. त्या दिवसांत मशीनचे काम सकाळी सहा ते साडेदहा एवढेच ठेवून दुपारी हातशिलाई करणे सोयीचे. त्याचा विजेशीही मेळ बसतो.

टेबल, खुर्ची, इस्त्री

कटिंगचे टेबल बसून हात पोचेल एवढेच असावे. बसलेल्या माणसाचा हात पुढे साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत आरामात जातो, म्हणून टेबलाची खोली तेवढी, लांबी मीटरभर आणि उंची ७० ते ७२ सेंटिमीटर. ब्लाऊजचे ८० सेंटिमीटर कापड दुहेरी घडीत त्यावर पूर्ण पसरते. अडीच मीटरचे ड्रेस मटेरियल पसरत नाही. मग उठून वाकून कापावे लागते आणि कापड खाली लोंबल्याने कापणी तिरपी जाते. ताईने पहिल्या वर्षी पंजाबी ड्रेस घ्यायचे नाहीत असे ठरवले, ते या टेबलामुळे. गिऱ्हाईक नाराज होते, पण चुकलेला ड्रेस भरून देण्यापेक्षा ते परवडते.

खुर्ची चाके नसलेली, हात असलेली. चाकांची खुर्ची उठताना मागे पळते आणि कॅलिपर लावलेला माणूस पडतो. बसल्यावर कॅलिपरच्या गुडघ्याचे कुलूप उघडून पाय वाकवायचा. उजवा पाय आखूड असल्याने तो लोंबता राहतो, मांडीखाली दाब येतो आणि पावलाला सूज येते. त्याखाली आखूडपणाएवढ्या जाडीची फळी ठेवायची. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उभे राहायचे. पाय निळसर-थंड पडत असेल, मुंग्या येत असतील किंवा कॅलिपरच्या पट्ट्याखालची लाली अर्ध्या तासात उतरत नसेल तर बैठक बदलायची वेळ आली आहे. मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांना कमरेखाली जाणीव नाही त्यांनी ही लाली रोज आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावी, कारण त्यांना दुखून कळणार नाही.

इस्त्री वेगळ्या ठिकाणी नको. मशीनच्या उजवीकडे त्याच उंचीवर दोन घड्यांची सतरंजी अंथरलेला पाट ठेवला की खुर्चीतून न उठता शिवण दाबता येते.

कपडे ठेवायला उंच कपाट नको. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत एक दांडी आणि तीन फळ्या पुरतात. प्रत्येक कपड्याची स्वतंत्र पिशवी, तिच्यावर नाव, माप आणि द्यायची तारीख.

कोणते काम घ्यावे

शिवणकाम म्हटले की ब्लाऊज डोळ्यांसमोर येतो. तासाचा हिशेब केला तर वेगळेच दिसते.

अस्तराचा ब्लाऊज २२० रुपयांना धरू. अस्तर ४० रुपये, दोरा-हुक १० रुपये, उरले १७०. कटिंग, शिलाई, हातशिलाई आणि इस्त्रीला अडीच तास लागतात, म्हणजे तासाला ६८ रुपये. साडीला फॉल-पिको ८० रुपयांना. तिच्या साध्या मशीनवर पिको होत नाही, म्हणून साड्या तालुक्याच्या पिकोवाल्याकडे जातात, त्याचे २० रुपये. फॉल २२, दोरा ३, उरले ३५. फॉल हाताने शिवायला पाऊण तास, म्हणजे तासाला सत्तेचाळीस. उसवणे, घट्ट-सैल करणे, पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे या कामाचे सरासरी ३५ रुपये (चेनचे पैसे वेगळे), खर्च तीनेक रुपये, वेळ २० मिनिटे. तासाला जवळजवळ ९६ रुपये.

गावातल्या बायका अल्टरच्या कामाला किरकोळ समजतात आणि ताईसुद्धा सुरुवातीला ते फुकट करून देत होती. प्रत्यक्षात तासाला सर्वांत जास्त पैसा त्यात आहे. त्याला कटिंग नाही, माप घ्यायला उभे राहणे नाही, माल आणणे नाही, आणि ते लगेच रोखीने होते. एवढेच की ते गावाच्या लोकसंख्येपुरतेच मिळते. दोन हजार वस्तीच्या गावात महिन्याला ५०-६० कामांची अपेक्षा ठेवावी, त्याहून जास्त नाही.

दिवसाला साडेचार तास, महिन्याला २४ दिवस, म्हणजे १०८ तास. त्यात २० ब्लाऊज (५० तास, ३४०० रुपये), ३० साड्या (साडेबावीस तास, १०५० रुपये), ६० अल्टर (२० तास, १९२० रुपये). एकूण ६३७० रुपये आणि साडेब्याण्णव तास. उरलेले १५ तास देणे-घेणे, तेल-पाणी, वही यात जातात. वीज, सुया, दुरुस्ती आणि सामानाची ने-आण यांचे ७५० वजा केले तर ५६२० रुपये हातात. हा चांगल्या महिन्याचा आकडा. लग्नसराई, पोळा ते दिवाळी आणि कापूस घरात आल्यावरचे दिवस मिळून असे पाचेक महिने येतात. बाकीच्या महिन्यांत अडीच हजार धरावेत. जुलै-ऑगस्टमध्ये पेरणी-निंदणाच्या दिवसांत हातात पैसा नसतो आणि दीडच हजार सुटले तरी नवल नाही.

माल घरपोच आणण्याची व्यवस्था

प्रवास हा या प्रकरणातला खरा अडथळा. अस्तराचा रंग ब्लाऊजपिसाशी आणि फॉलचा रंग साडीच्या काठाशी जुळला पाहिजे. भाऊ तालुक्याला जातो, पण त्याला "जरा गडद मोरपंखी" सांगून उपयोग नाही. मोबाईलवर फोटो पाठवला तर कॅमेरा आणि पडदा दोन्ही रंग बदलतात. जांभळा निळा दिसतो, मेहंदी रंग तपकिरी होऊन येतो.

यावर चालणारा उपाय म्हणजे रंगाची दोन सारखी पाने. दुकानदाराकडे असलेल्या अस्तराच्या आणि फॉलच्या प्रत्येक रंगाची बोटभर पट्टी दोन पुठ्ठ्यांवर चिकटवायची, दोन्हींवर तेच क्रमांक घालायचे, एक पुठ्ठा दुकानात आणि एक घरी. मग निरोप असा जातो: अस्तर १४ नंबर दोन मीटर, फॉल ७ नंबर तीन. हे पुठ्ठे करायला ताईला एकदा दुकानात तासभर बसावे लागले. नंतर महिन्याची ती एक खेपही लागेना. माल भाऊ आणतो किंवा दुकानदार गावच्या दूधवाल्याकडे देतो आणि त्याच गाडीने पिकोच्या साड्या जातात-येतात. दूधवाल्याला खेपेचे ठरलेले पैसे द्यावेत. फुकटचे काम तो आठवड्याने विसरतो आणि दोष ताईच्या माथी येतो.

घरात वीस रंगांचे अस्तर तीन-तीन मीटर, चालणाऱ्या रंगांचे तीसेक फॉल, हुक, दोरे आणि १४ व ११ नंबरच्या सुया एवढा साठा असला तर काम थांबत नाही. जाड, अस्तराच्या कामाला १४ नंबर आणि पातळ जॉर्जेटला ११. मोटरवर टाके सुटायला लागले तर मशीन उघडण्याआधी सुई बदलून पाहावी. शिवण जोरात ओढली की सुई किंचित वाकते, ती डोळ्याला दिसत नाही.

जिथे काम बिघडते

सर्वांत जास्त तक्रार अस्तराची येते. ब्लाऊज नवा असताना अंगावर नीट बसतो, पहिल्या धुण्यानंतर छातीवर आणि पाठीवर सुरकुत्या पडतात. गिऱ्हाईक म्हणते, "बाई, हा ब्लाऊज तुमी बिघडवला, मले नवा पाह्यजे." शिलाईत चूक नसते. सुती अस्तर आखडते, वरचे रेशमी किंवा पॉलिस्टर कापड आखडत नाही. कापण्याआधी अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करून घेतले की ही तक्रार संपते. सुती फॉललाही हेच. भिजवणे-वाळवणे हे वाकायचे काम असल्याने ते आठवड्यातून एकदा, आलेला सगळा साठा एकत्र घेऊन भावजयीकडून करून घ्यायचे. रोज एकेक अस्तर भिजवायचे ठरवले की चौथ्या दिवशी ते राहून जाते.

फॉल लावताना दुसरी चूक होते ती सुरुवातीची. साडीच्या खोचायच्या टोकापासून साधारण सहा-सात इंच सोडून फॉल सुरू करायचा, नाहीतर खोचताना कमरेशी जाड गोळा येतो. टाका उलट बाजूने एक-दोन धागेच उचलणारा हवा. ओढून घातलेला टाका काठावर ठिपक्यांसारखा दिसतो.

माप अंगावरून घेण्यापेक्षा मापाचा ब्लाऊज मागावा. उभे राहण्याचा त्रास वाचतो. पण जुना ब्लाऊज सैल झालेला किंवा बाईचे अंग भरलेले असू शकते. म्हणून तो टेबलावर पसरून उंची, छाती, कंबर, खांदा, बाही आणि बाहीचा घेर मोजायचा, आणि "काखेत काचतो का, पुढून वर चढतो का, गळा सरकतो का" असे विचारून उत्तर पिशवीवर लिहायचे. बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड आत ठेवायचे. पुढे हेच गिऱ्हाईक अल्टरला परत येते तेव्हा ते कापड उपयोगी पडते.

लग्नसराईत तारखा चुकतात. दोन दिवसांत तीन ब्लाऊज हा तिचा वेग. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक ब्लाऊजचा दिवस लिहायचा, चौकट भरली की पुढची तारीख सांगायची. "उद्याच पाह्यजे" म्हणणाऱ्या बाईला नाही म्हणणे नात्यागोत्याच्या गावात कठीण जाते. भिंतीवर लिहिलेले दाखवले की ते थोडे सोपे होते. रात्री दोनपर्यंत बसून पूर्ण केलेल्या कामाची किंमत कंबर चार दिवस वसूल करते, आणि त्या चार दिवसांच्या तारखा मग पुन्हा चुकतात.

उधारीसाठी एकच नियम पाळता येण्यासारखा आहे. अल्टरचे पैसे कपडा देताना, आणि ब्लाऊजच्या अस्तराचे पैसे कपडा घेतानाच. शिलाईचे पैसे राहिले तर निदान गाठचे तरी जात नाहीत.

वीज गेली की मोटर थांबते. त्यासाठी १५-२० हजारांचा इन्व्हर्टर घ्यायची घाई करू नये. ब्लाऊजची हातशिलाई, हुक-काज, फॉल आणि उसवणे ही कामे विजेशिवाय होतात आणि महिन्यातल्या तासांपैकी निम्म्याच्या आसपास तीच असतात. ती वीज नसतानासाठी बाजूला ठेवायची, वीज असताना मशीन आणि इस्त्री. चार्जिंगचा एक एलईडी दिवा पुरतो.

पैसा आणि योजना

सुरुवातीचा खर्च: मोटर आणि बसवणे १५००, टेबल ३०००, खुर्ची १५००, इस्त्री ८००, बोर्ड-दिवा ७००, साठा ५०००. साडेबारा हजार. एवढ्यासाठी मोठ्या कर्जात पडू नये. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या दिव्यांग अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के आहे. ऐकायला हे चांगले वाटते, पण एजंट लोक याच्याच जोरावर चार-पाच लाखांचा प्रकल्प बनवून देतात. चांगल्या महिन्यातच साडेपाच हजार देणाऱ्या धंद्यावर त्याचा हप्ता बसत नाही.

तिच्या कामाला बसणारी योजना पीएम विश्वकर्मा. १८ व्यवसायांत दर्जी आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर मिळते, प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये, आणि हवे असेल तर पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. नोंदणी सीएससी केंद्रातून होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीची. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. गेल्या पाच वर्षांत रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे कर्ज घेतलेले असेल तर नाही. म्हणजे मोठ्या कर्जाचा मोह आधी केला की हा दरवाजा बंद होतो. अडचण प्रशिक्षणाची: ते पाच-सात दिवसांचे असते आणि केंद्र गावात नसते. अर्जानंतर केंद्र कळले की वर्ग तळमजल्यावर आहे का, बसायला खुर्ची आणि मोटरची मशीन आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे आणि त्या आठवड्यासाठी तालुक्यातल्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा. रोज एसटीने ये-जा केली तर प्रशिक्षण अर्ध्यात सुटते.

टेबल-खुर्चीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. लहान गावात ती रक्कम थोडी असते आणि बऱ्याचदा सगळ्यांना सारखी वाटून टाकतात. नेमकी वस्तू, सुताराचे दरपत्रक आणि यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची प्रत जोडून, पोच घेऊन दिलेला अर्ज ग्रामसभेत मांडता येतो.

निराधार योजनेचाही हिशेब करावाच लागतो. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि दिव्यांगांना दरमहा २५०० मिळतात. वर नमूद केलेले महिने जोडले तर शिवणकामाचेच ४५ हजारांच्या आसपास होतात, त्यात शेतीचे उत्पन्न आले की मर्यादा ओलांडते. उत्पन्न लपवून दाखला काढायचा सल्ला गावात सहज मिळतो. तसे केल्यास पुढे तपासणीत घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. सरळ गणित असे की वर्षाला ३० हजारांची पेन्शन सुटणार असेल तर ४५ हजारांच्या धंद्यातून खरी वाढ १५ हजारांचीच. म्हणून धंदा मर्यादेच्या आत ठेवायचा, की पेन्शन सोडण्याएवढा मोठा करायचा, हे पहिल्याच वर्षी घरात बसून ठरवावे.

मोठा करायचा असेल तर पुढची पायरी पिकोची. पिको करणारी झिगझॅग मशीन मोटरसकट नऊ हजारांच्या आसपास धरू. घरी पिको झाला की साडीमागे २० रुपये वाचतात. ३० साड्यांना महिन्याला ६००, म्हणजे पदरच्या पैशांनी घेतलेली मशीन अशा पंधरा चांगल्या महिन्यांत फिटते. म्हणून विश्वकर्माचे व्हाउचर साध्या मशीनवर खर्च न करता पिकोसाठीच राखावे, कारण साधी मशीन घरात आहेच. शिवाय पिको घरी असला की आजूबाजूच्या दोन-तीन गावांतल्या शिवणाऱ्या बायका आपल्या साड्या हिच्याकडे पाठवू लागतात. हे पूर्ण बसून करायचे, मापाची चूक न होणारे काम आहे. एका साडीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्यांना १५ रुपये दर लावला आणि दूधवाल्याची तीच गाडी वापरली, तर तासाला ६० रुपयांपेक्षा कमी पडत नाही. दुसऱ्या मशीनचा कंट्रोलर मात्र नवा घेतला तरी त्याच डाव्या पायाच्या फळीवर, पहिल्याच्या शेजारी बसवावा. दोन जागी दोन कंट्रोलर ठेवले की दिवसातून वीस वेळा उठून खुर्ची बदलावी लागते. खुर्ची एकच, दोन्ही मशीन काटकोनात, आणि फळी मध्ये.